मंगळ, बुध की शुक्र?

“तुम्ही कधी मोकळे आहात?” हा प्रश्न विचारणाऱ्याला फार सभ्य वाटतो. पण ज्याला विचारला त्याच्या गळ्यात काम पडतं. डायरी उघडा, आठवड्याच्या भानगडी आठवा, त्यातून एखादी फट शोधा, आणि ती समोरच्याला चालेल का हेही ओळखा. शिवाय आपण मोकळे आहोत हे लेखी कबूल करणं जिवावर येतं ते वेगळंच. मग “बघून सांगतो” असं उत्तर येतं. बघत कुणीच नाही. “कधीही या हो!” म्हणणाऱ्यांकडे तर आजवर कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

घरात “भाजी काय करू?” विचारलं की “काहीही” हेच उत्तर मिळतं. “भेंडी, वांगं की फ्लॉवर?” म्हटलं की नाक मुरडून का होईना, एक नाव येतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हे जाणतात. हिशेबनीसांना त्यांनी मेसेज केला: “सर, ऑडिटच्या शंकांसाठी अर्धा तास हवा. मंगळवार १४ जुलै सकाळी १०, बुधवार १५ दुपारी ४ किंवा शुक्रवार १७ संध्याकाळी ६.३०, तुमच्याच ऑफिसात. उद्या रात्रीपर्यंत तिन्ही वेळा राखून ठेवतो.” थोड्याच वेळात उत्तर आलं: “बुध ४.” समजा तिन्ही जमल्या नसत्या, तरी साहेबांनी डायरी उघडलेलीच होती, “गुरुवारी या” एवढं तरी लिहिलंच असतं.

तीनच का? एकच वेळ दिली तर समन्स आल्यासारखं वाटतं. सहा दिल्या की पुन्हा अभ्यास, म्हणजे पुन्हा “बघून सांगतो”. मात्र तिन्ही वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या प्रहरी हव्यात. तिन्ही सकाळच्या दिल्या आणि त्या माणसाच्या सकाळी कोर्टात जात असल्या, तर तीन देऊन एकही न दिल्यासारखंच. भाचा न्यू जर्सीत असेल तर दोन्हीकडची वेळ लिहावी: आपले संध्याकाळचे ७ म्हणजे जुलैत त्याचे सकाळचे ९.३०, डिसेंबरात ८.३०.

खरी शिस्त पाळायची ती आपण. दिलेल्या तिन्ही वेळा आपल्या डायरीत पेन्सिलीने अडवायच्या आणि एक ठरली की उरलेल्या दोन खोडायच्या. त्याच तीन वेळा उत्साहाने आणखी कुणाला दिल्या, की दोघेही नेमका बुधवारच निवडतात.

कमिटीच्या सात जणांना मात्र हा उपाय लागू पडत नाही; प्रत्येकाला वेगळी वेळ आवडते. तिथे सरळ फोन लावावेत. आणि मावशीला तर अशा वेळा कळवूच नयेत. मी कळवल्या होत्या. तिचं उत्तर आलं, “तिन्ही दिवस ये. बुधवारी पुरणपोळी आहे.”