ताराबळ

लग्नाच्या मुहूर्तासाठी ताराबळ पाहणारी माणसं कमी झाली असतील, पण एसीच्या खरेदीसाठी ताराबळ पाहणारी वाढतच चालली आहेत. या जातीचा गृहस्थ दुकानात शिरतो तो खिशाला पेन अडकवून. किमतीची चिठ्ठी तो पाहतच नाही. चष्मा कपाळावर ढकलून, गुडघ्यांवर हात ठेवून तो आधी तारे असलेलं लेबल वाचतो. विक्रेता पोरगा म्हणतो, "काका, घरच्यापुरता थ्री स्टारही चालेल." यावर काका असं हसतात, की त्या पोराला आपलं शिक्षण अर्धवट राहिल्याची जाणीव व्हावी. मग माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेवर गुणाकार मांडला जातो आणि नऊ हजारांनी महाग असलेला फाइव्ह स्टार तीन वर्षांत जवळजवळ फुकट पडतो, हे तिथल्या तिथे सिद्ध होतं. या माणसाचा गुणाकार कधीच चुकत नाही, हे आधीच मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की गुणाकारातला एक आकडा, रोजच्या तासांचा, तो मोजून घेत नाही, निवडून घेतो. आणि निवडतो तोही एसी पसंत पडल्यावर.

हा आकडा लपतो कुठे, ते एका हिशेबातून बघू. दीड टनाचे दोन इन्व्हर्टर एसी घ्या. तीन ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाला 1000 युनिट छापलेत, पाच ताऱ्यांच्या लेबलवर 780. फरक 220 युनिटांचा. युनिटला 14 रुपये धरले तर वर्षाला 3,080 रुपये वाचतात आणि नऊ हजार तीन वर्षांच्या आतच वसूल होतात. काकांचा हिशेब इथे संपतो. पण लेबलवरचे युनिट ऊर्जा दक्षता ब्यूरोने वर्षाला 1600 तासांचा वापर धरून काढलेले असतात. 1600 तास म्हणजे रोज आठ तास असे दोनशे दिवस. पुण्यातल्या ज्या घरात एसी मार्चअखेरीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत फक्त रात्रीचा लागतो, तिथे नव्वद रात्री आणि सहा तास धरले तरी 540 तासच भरतात. त्या हिशेबाने बचत 74 युनिटांची, म्हणजे साधारण हजार रुपयांची, आणि नऊ हजार वसूल व्हायला पावणेनऊ वर्षं लागतात. एसी तोच, तारे तेच, दर तोच. तास बदलले आणि तीनाची नऊ वर्षं झाली. गंमत अशी, की याच काकांना घरात मुलाने दुपारी एसी लावलेला खपत नाही. दुकानात दोनशे दिवस एसी चालवणारा माणूस घरी रिमोट कपाटात ठेवतो.

दराच्या बाबतीत मात्र त्याची बाजू घ्यायला हवी, कारण तिथे तो स्वतःवरच अन्याय करतो. आलेल्या बिलाला वापरलेल्या युनिटांनी भागून तो सरासरी दर काढतो. पण महाराष्ट्रातलं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं: पहिले शंभर युनिट स्वस्त, तीनशेपर्यंतचे महाग, त्यापुढचे आणखी महाग. एसीचे युनिट या ढिगाच्या माथ्यावर पडतात, म्हणून वाचलेलं युनिटही माथ्यावरचं, म्हणजे सगळ्यात महागडं असतं. त्या टप्प्याच्या दरात वहन आकार आणि इंधन समायोजन मिळवायचं, त्यावर वीज शुल्क लावायचं, की खरा दर निघतो. स्थिर आकार यात धरायचा नाही, कारण एसी आणला काय न आणला काय, तो भरावाच लागतो. एवढं बिल नीट वाचलं तर काकांना खोट्या तासांची गरज थोडी कमी भासेल.

यावर आक्षेप येणारच. पहिला म्हणजे वीज महाग होत जाणार. होवो. दर दीडपट झाला तर पावणेनऊची जवळजवळ सहा वर्षं होतील, तीन होणार नाहीत. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सगळे काही पुण्यात राहत नाहीत. चंद्रपुरात, किंवा मुंबईत जिथे ऑक्टोबरसुद्धा घाम काढतो आणि घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथे सोळाशे तास सहज भरतात. तिथे पाच तारे बिनदिक्कत घ्यावेत. माझा वाद ताऱ्यांशी नाहीच. तिसरा आक्षेप असा, की पाच तारे म्हणजे मालच उत्तम. इथे थोडं थांबलं पाहिजे. तारा हा विजेच्या वापराचा दर्जा आहे, टिकाऊपणाचा किंवा दुरुस्तीच्या सोयीचा नव्हे. शिवाय ब्यूरो ठरावीक वर्षांनी ताऱ्यांची कसोटी कडक करतो, त्यामुळे कालचा पाच ताऱ्यांचा एसी नव्या कसोटीवर चारावर उतरू शकतो. शेजाऱ्याचा जुना फाइव्ह स्टार आणि आपला नवा फोर स्टार यांची तुलना करून काका मनातल्या मनात खट्टू होतात, ते विनाकारण. फ्रिजचंही तसंच: पाच ताऱ्यांचा अवाढव्य फ्रिज तीन ताऱ्यांच्या बेताच्या फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो, कारण तारे आकारमान लक्षात घेऊन दिलेले असतात. तारे झाकावेत आणि खालचा युनिटांचा आकडा वाचावा. फ्रिजच्या त्या आकड्याला चोवीस तासांनी गुणणारेही पाहायला मिळतात. तो आधीच वर्षभराचा असतो.

पण हा माणूस खरंच वीज वाचवायला निघालाय का, याचा पुरावा दुकानात नाही, त्याच्या घराच्या छताला आहे. जुना पंखा पूर्ण वेगात 75 वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी जातीचा नवा 30 वॉटच्या आसपास. रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे 3600 तास. दर तासाला 45 वॉटची बचत धरली तर वर्षाला 162 युनिट. दर मुद्दाम कमी, दहाच रुपये धरला तरी 1,620 रुपये होतात, आणि साध्या नव्या पंख्यापेक्षा दीड हजार जास्त मोजले असले तरी ते वर्षाच्या आत परत येतात. तासांची इथे ओढाताणही करावी लागत नाही, कारण पंखा बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. तरी त्याने पंख्यासाठी कधी कागद पुढे ओढलेला नाही. पाहुण्यांना कुणी पंखा दाखवत नाही, आणि बायकोला पटवायला लागावी एवढी त्याची किंमतही नसते. मोठी, हौसेची वस्तू घ्यायला आपल्या मध्यमवर्गाला काटकसरीचं कारण लागतं, आणि तेवढ्यासाठीच हा गुणाकार असतो. "गार झोप हवी म्हणून घेतला" हे वाक्य त्याच्या तोंडून निघणार नाही. "अहो, तुमच्यासाठीच घेतलाय ना, मग सरळ सांगा की!" असं ती म्हणते, तेव्हा तो माहितीपत्रक उलटं करून तिच्यापुढे धरतो. बैठकीतला, पात्यांच्या कडांवर काळी जाड धूळ साचलेला, पाचावर कुरकुरणारा पंखा त्या कागदाला सारखा उडवत असतो, म्हणून काका त्यावर रिमोट ठेवतात आणि वहीत नोंद करतात: एसी, वार्षिक बचत, रुपये 3,080.