पावसावर फिर्याद

बांधकामावरचा प्रोजेक्ट मॅनेजर एरवी साइटवर आवाज चढवूनच बोलतो. पण काम रखडलं की तो क्लायंटला पत्र लिहितो, आणि पत्रात त्याचा आवाज सायीसारखा मऊ होतो. ‘माननीय साहेब’पासून ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी’पर्यंतच्या मजकुरात आरोपी एकच असतो: पाऊस. म्हणून त्याला कुणी खोटारडा म्हणू नये. पाऊस खरंच पडलेला असतो. आरोपी निवडताना तो फक्त एवढंच पाहतो, की त्याच्याकडून उलट उत्तर यायला नको.

समजा, एका शिक्षणसंस्थेच्या तीन मजली शाळेचा ताबा 31 मेला द्यायचाय. नोव्हेंबरात पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग लागलं आणि संस्थेच्या अध्यक्षांना जिना दुसऱ्या बाजूला हवासा वाटला. नवं ड्रॉइंग येऊन सळई पुन्हा बांधून होईपर्यंत 24 दिवस गेले. त्यात दोन दिवस अवकाळी सरी आल्या. पत्रात चोवीसही दिवस सरींच्या नावावर जमा होतात, कारण रनिंग बिलावर सही अध्यक्षांची लागते, पावसाची नाही. कुणी म्हणेल, एवढं सौजन्य दाखवलं तर बिघडलं कुठे? बिघडतं असं, की जिन्याची किंमत कागदावर न आल्यामुळे दुसऱ्या स्लॅबच्या वेळी स्वच्छतागृह हलवण्याची सूचना तितक्याच मोकळेपणाने येते. शिवाय उशिराच्या दंडाचा विषय निघाला, तर मुदतवाढीसाठी मॅनेजरकडे पुरावा उरतो तो दोन दिवसांच्या पावसाचा.

त्याची खरी प्रतिभा मात्र सुधारित वेळापत्रकात दिसते. बार चार्टवर तिन्ही स्लॅब 24 दिवस पुढे सरकतात, ताबा मात्र सहाच दिवस सरकून 6 जूनला येतो. मधले 18 दिवस प्लास्टर, पुट्टी आणि रंगातून कापलेले असतात. ‘माणसं वाढवू, कामं समांतर चालवू’ हे त्यावरचं त्याचं उत्तर, आणि ते अर्धं खरंही आहे: वरचा स्लॅब चालू असताना खालच्या मजल्यावर विटांचं काम होऊ शकतं. पण वर्गाचा गाळा सहा मीटरचा असला, तर स्लॅबखालचे टेकू 14 दिवस तरी काढू नयेत, असं आयएस 456 सांगतं. तोवर तिथे प्लास्टर होत नाही. प्लास्टर झाल्यावर आठवडाभर पाणी मारायचं, मग भिंत वाळू द्यायची. गवंडी दुप्पट लावले म्हणून भिंत दुप्पट वेगाने वाळत नाही. ओल्या भिंतीवर घाईने पुट्टी आणि रंग चढवला, की पोपडे सुटतात.

मग त्याने सरळ 24 जून का लिहू नये? कारण जूनच्या मध्यावर शाळा भरायची असते आणि उद्घाटनाला पाहुणे ठरलेले असतात. खरी तारीख लिहिणाऱ्या मॅनेजरला अध्यक्ष ‘नकारात्मक माणूस’ म्हणतात, 6 जून लिहिणाऱ्याला चहा पाजतात. पत्रावर सही एकाची असली, तरी तारीख दोघांनी मिळून काढलेली असते.