आभार सोसायटीचे, पगार कुणाचा?

दिवाळी तोंडावर आली की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आभारपत्र लागतं. घरकाम आणि स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या मावशींचे मनापासून आभार, यंदा सोसायटीतर्फे बोनस. बहुतेक ठिकाणी हे इंग्रजीत असतं. ज्यांचे आभार मानले, त्यांना ते वाचून कोण दाखवणार?

भाषेचं सोडा. रक्कम बघा.

समजा, फ्लॅट 80. घरटी वर्गणी 500 रुपये. जमले 40,000. गेटच्या यादीत मावशी 40. प्रत्येकीला 1,000. वाटणी अगदी समान, म्हणून सभेत कुणी हरकतही घेत नाही.

आता त्या यादीतली एकच मावशी घ्या. पाच घरी धुणं-भांडी, दर घरी 2,000. पुण्या-मुंबईतला जुना रिवाज एका पगाराचा. पाच घरांचे मिळून तिला 10,000 मिळायला हवेत. पाकिटात निघाले 1,000.

बाकीचे 9,000 मागायला ती गेली, की पाचही दारांत एकच उत्तर : ‘सोसायटीनं दिला ना!’

म्हणजे 2,000 देणं लागणारं घर 500 मध्ये सुटलं. वर आभाराचं श्रेयही घेतलं.

एक पगार हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. 1965 च्या बोनस कायद्यात किमान बोनस 8.33 टक्के होता, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा. पण तो कायदा कारखान्या-कंपन्यांचा. घरच्या उंबरठ्याशी तो थांबला. 2008 मध्ये महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण बोनसची सक्ती त्यातही नाही. मावशीच्या हाती आहे तो फक्त रिवाज. तोच सोसायटीनं मोडायचा?

वर्गणी नको. नियम करा : ज्या घरी काम, त्या घरचा एक पगार. जी तीन महिन्यांपूर्वी लागली तिला पाव पगार, सहा महिने झाले तिला अर्धा. एवढं गणित कोणत्याही सेक्रेटरीला येतं.

सोसायटीला पैसे द्यायचेच आहेत? मग जिने झाडणाऱ्या आणि कचरा नेणाऱ्यांना द्या. ते कंत्राटदाराचे म्हणून यादीत नसतात, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र असं एकही घर नसतं.

तारीखही महत्त्वाची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिलेल्या पाकिटाचा उपयोग काय? रवा, बेसन, तेल, पोरांचे कपडे ही खरेदी तोवर उसनवारीवर झालेली असते. वसुबारसेच्या आठवडाभर आधी द्या.

आणि भाऊबीजेला ती माहेरी गेली, तर तो खाडा धरू नका. गेल्या वर्षी धरला होता का, ते आधी वहीत बघा. धरला असेल तर तेवढे पैसे यंदाच्या पाकिटात घाला.