होऊन जाईल की

भाऊंच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. भाऊ मूळचे लातूरचे. इंजिनिअरिंग नांदेडला केलं, सासुरवाडीही नांदेडचीच, नोकरी पुण्याला आणि ज्यांचं काम करायचं ते लोक हॉलंडमधल्या आइंडहोवनचे. मराठवाड्याचं दुसरं महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, या वादात दोन्ही गावची माणसं शिरा ताणून बोलतात. भाऊ सासऱ्यांपुढे “इथंच पाहिजे की” म्हणतात, आणि लातूरला वडिलांपुढेही तेच वाक्य तितक्याच तळमळीनं म्हणतात. यात खोटं काहीच नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. माणसाच्या घरात बसून, त्याचा चहा पिऊन, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं?

त्यांच्या घराण्यात नकार मोठ्या कारागिरीनं देतात. मुलीचं स्थळ पसंत नसलं तर “घरी विचारून कळवतो” म्हणायचं आणि कळवायचं नाही. पंधरा दिवस गेले की समोरचे काय ते समजतात. मध्यस्थानं फारच धरून ठेवलं तर “पत्रिकेत थोडं आडवं येतंय” असं सांगून सगळा दोष ग्रहांवर टाकायचा. उसने पैसे मागायला कोणी आलं तर “सोयाबीन विकू द्या”. कुणाचा अपमान होत नाही, आणि पुढे गंजगोलाईत दोन्ही पार्ट्या समोरासमोर आल्या तरी एकमेकांना चहा पाजतात. ही पद्धत उत्तम चालते, कारण देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही तिचे नियम पाठ असतात. आइंडहोवनला ते कुणालाच ठाऊक नव्हते.

गुरुवारची मीटिंग होती. इकडे दुपारचे अडीच, तिकडे सकाळचे अकरा. पडद्यावर आठ चेहरे. तिकडच्या प्रमुखानं विचारलं, “तिन्ही अहवाल उद्या, शुक्रवारी मिळतील ना?” भाऊ म्हणाले, “हो, बघतो.” मग म्हणाले, “जुना डेटा थोडा तपासावा लागेल.” मग, “टीममधला एकजण गावाकडं गेलाय.” आणि शेवटी, थोडं थांबून, “पण प्रयत्न करू, होऊन जाईल.” लातूरच्या कानाला हा चार वेळा दिलेला, चढत्या आवाजातला नकार होता. आम्ही शेजारी बसलेले मनात म्हणालो, आता पुढच्या बुधवारशिवाय काही नाही. डच माणसानं ‘हो’ ऐकलं, वहीत ‘शुक्रवार’ लिहिलं आणि पुढच्या विषयाला गेला.

शुक्रवारी काही गेलं नाही. सोमवारी त्यानं त्याच आठ जणांदेखत सरळ विचारलं, “तुम्ही हो म्हणालात. जमणार नव्हतं तर गुरुवारीच का नाही सांगितलंत? मी पुढे माझ्या ग्राहकाला शब्द दिला होता.” आवाज चढला नव्हता. हवा कशी आहे विचारावं तसं विचारलं. भाऊंचा चेहरा मात्र उतरला. संबंध संपला, आता कंत्राट जाणार, असं त्यांनी धरलं. आणि दहा मिनिटांनी तोच माणूस आपण रविवारी किती सायकल चालवली ते हसत सांगू लागला. त्या रात्री भाऊ झोपले नाहीत. चिडला असता तर समजलं असतं, पण हसला का?

आमच्यातल्या एका वाचणाऱ्या मित्रानं त्यांना सांगितलं, की एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं १९७६ सालच्या ‘बियॉन्ड कल्चर’ या पुस्तकात याचाच विचार केलाय. काही समाजांत निम्मं बोलणं प्रसंग, नातं आणि गप्प बसणं यांतूनच होतं, काहींत शब्दांतून जेवढं बाहेर येईल तेवढंच खरं धरतात. भाऊ म्हणाले, “छान! वाचतो की.” पुस्तक ते वाचणार नाहीत हे आम्हाला कळलं.

त्यांना शहाणं केलं ते मामांनी. मामा हयातभर हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात बैलांचे सौदे करत आले. भाऊंनी सगळी हकीकत सांगितल्यावर मामा म्हणाले, “तुला नाही म्हणता येत न्हाई असं न्हाई. तू चुकीच्या जागी म्हणायलास.” त्यांचं म्हणणं असं, की रुमालाखाली हात गेला की बोटं दाबून जो भाव सांगतात तो हजार-शेकड्यांपर्यंत चोख असतो. पटला नाही तर हात बाहेर. इतका स्पष्ट नकार जगात दुसरा नसेल, पण भोवती उभ्या माणसांना त्यातलं काही कळत नाही, म्हणून कुणाची पत जात नाही. “चार माणसांत विचारल्यावर कोण खरं सांगंल? मीटिंगच्या आधी रुमालाखाली बोलून घे.”

हे भाऊंना लगेच पटलं. पुढच्या खेपेला मीटिंगच्या दोन तास आधी त्यांनी प्रमुखाला एकट्याला निरोप लिहायला घेतला. पहिला मसुदा दीड पानांचा होता, त्यात तीनदा क्षमा, एकदा पावसाळा आणि एकदा आईचं गुडघ्याचं दुखणं. वहिनींनी लाल पेन घेतलं आणि उरलं ते एवढंच: “तिन्ही अहवाल शुक्रवारी होणार नाहीत. बुधवारी दुपारपर्यंत होतील, कारण जुन्या डेटाची तपासणी राहिली आहे. शुक्रवारीच हवे असतील तर दोन देऊ शकतो. कोणते दोन, ते तुम्ही सांगा.”

यात नकार पहिल्या वाक्यात आहे, कारण तो तिसऱ्या परिच्छेदात गेला की डच वाचक तिथवर पोचण्याआधीच होकार धरून बसतो. कारण एकच आहे. कारणं चार झाली की ती बहाण्यासारखी दिसतात, शिवाय समोरचा एकेक सोडवायला घेतो: माणूस गावाला गेलाय तर दुसरा देऊ का? आणि सौजन्यासाठी नुसती क्षमा न मागता भाऊंनी निवड त्याच्या हाती दिली. उत्तर सात मिनिटांत आलं: “ठीक. पहिले दोन पाठवा.” ना आभार, ना राग. भाऊ संध्याकाळपर्यंत रागाची वाट बघत होते.

डच माणूसही शिकला म्हणायचा. ‘होईल का?’ असं विचारणं त्यानं सोडलं. आता तो विचारतो, “कधी होईल, आणि मध्ये काय अडेल?” या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तरच बसत नाही. आणखी एक खूण त्याला भाऊंच्याच एका सहकाऱ्यानं हळूच सांगितली. भाऊंचा खरा होकार उलट प्रश्न घेऊन येतो: कोणत्या स्वरूपात हवंय, कुणाला पाठवू? प्रश्नाशिवाय आलेला नुसता गोड होकार वहीत लिहायचा नाही.

यश मात्र भाऊंच्या डोक्यात गेलं. दिवाळीला लातूरला गेले तेव्हा आत्यांनी सुशीला केली होती आणि ताट पुढे करत म्हणाल्या, “घे रे थोडं.” इथे रीत अशी, की तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा खायचं. भाऊ म्हणाले, “आत्या, आत्ता खाणार नाही, पोट भरलंय. संध्याकाळी सात वाजता दोन धपाटे चालतील. दही हवं की ठेचा, ते तुम्ही ठरवा.”

घरात शांतता पसरली. आत्यांनी ताट खाली ठेवलं आणि थेट भाऊंच्या आईला फोन लावला. “वहिनी, पोराचं तिकडं भांडण-बिंडण झालंय का कुणाशी? जेवायचा टाइम सांगायलाय मला!”

मग फोन तसाच कानाला धरून त्यांनी दुसऱ्या हातानं वाटीभर सुशीला भाऊंच्या ताटात वाढली. भाऊंनी खाल्ली.