गृहपाठ : पासवर्ड विसरल्यास

ज्येष्ठ नागरिक संगणक वर्ग, भंडारा. टिपण क्रमांक चार. विषय : ईमेलचा विसरलेला पासवर्ड परत मिळवणे. सूचना पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : या टिपणात जे शिकवले आहे ते या वर्गात करू नये. घरी जाऊन करावे.

वर्गाने स्वतःच्याच विषयाला वर्गाबाहेर काढावे हे विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. जीमेलचा पासवर्ड विसरला की आपण समजतो, आता आपल्या स्मरणशक्तीची परीक्षा आहे. तिथेच चूक होते. पलीकडचे यंत्र तुमची स्मरणशक्ती फारशी तपासत नाही. पवनीच्या किंवा लाखांदुरच्या चावडीवर परका माणूस आला की जे विचारतात, तेच ते विचारते : कोणाच्या घरचे जी? कोण ओळखते तुम्हाला? तुम्ही रोज वापरता त्याच फोनवरून विचारता आहात का, नेहमीच्याच ठिकाणाहून विचारता आहात का, पूर्वी दिलेला फोन नंबर अजून तुमच्याच हातात आहे का, हे त्याला पाहायचे असते. वर्गातला संगणक तुम्हाला ओळखत नाही, वर्गाचे वायफाय तुम्हाला ओळखत नाही, आणि एकाच संगणकावरून दुपारभर बारा आजोबा बारा खाती उघडायला लागले, तर यंत्राने ती टोळी समजली तरी त्याचा दोष नाही. आपल्या अंगणात, आपल्या फोनवर बसलेल्या माणसाची ओळख लवकर पटते. म्हणून हा गृहपाठ.

आता मूळ प्रश्नाकडे. पासवर्ड विसरला, असे वर्गातले प्रशिक्षणार्थी म्हणतात. बारकाईने चौकशी केली तर बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांना कधी माहीतच नव्हता असे निघते. तो माहीत होता भाच्याला. भाचा ही या जिल्ह्यातल्या डिजिटल कारभारातली मध्यवर्ती संस्था आहे. तो दिवाळीत येतो, मंडई पाहतो, नाटकाची रात्र जागवतो आणि दुसऱ्या दिवशी डोळे चोळत मामांचे ईमेल खाते उघडून देतो. पासवर्ड तोच ठरवतो. परतीसाठीचा फोन नंबर मागितला की मामांना विचारण्याऐवजी स्वतःचा टाकतो, कारण तो त्याला पाठ असतो. दुसरा ईमेल मागितला की आपल्या कॉलेजचा टाकतो. मग ‘झालं मामा’ म्हणून पोहे खातो. त्याच्या मनात काही वाईट नसते. खाते उघडायला दुसरे कोणीही पुढे आलेले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. पण त्या पाच मिनिटांत मामांच्या घराच्या तिन्ही किल्ल्या त्याच्या खिशात गेल्या.

म्हणून पहिली पायरी पडद्यावरची नाहीच. पहिली पायरी म्हणजे कागदावर लिहिणे : खात्याला जोडलेला नंबर कोणाचा?

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, लाखनीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. खाते भाच्याने उघडले, तेव्हा तो नागपुरात शिकत होता. आज तो पुण्यात आहे, त्याने नंबर बदलला आहे आणि कॉलेजचा ईमेल बंद झाला आहे. गुरुजींचा जुना फोन चालतो, त्यात मेल आपोआप उघडतो. नवा फोन घेतला, त्याने पासवर्ड मागितला आणि घरात शांतता पसरली. अशा वेळी गुरुजी जे करतील ते दोनच प्रकारचे असते. एक म्हणजे जुना फोन ‘साफ करून’ नातवाला खेळायला देणे. तसे केले की खात्याला ओळखणारा गावातला एकमेव साक्षीदार गेला. जुना फोन फॉरमॅट करू नये, विकू नये, त्यातून खाते काढू नये. फॉरमॅट केलेला अँड्रॉइड फोन पुन्हा सुरू करतानाही आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो, म्हणजे दोन्ही फोन गेले.

दुसरा, शहाणा प्रकार असा. जुना फोन चार्ज करून, इंटरनेट चालू करून शेजारी ठेवायचा. नव्या फोनवर ईमेल पत्ता टाकायचा आणि पासवर्डच्या रकान्याखालच्या Forgot password? या शब्दांवर बोट ठेवायचे. यंत्र बहुधा आधी आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारते. इथे गुरुजींचा प्रामाणिकपणा आडवा येतो. नक्की आठवत नाही म्हणून ते रकाना कोरा सोडतात. तसे करू नये. अंदाजाने लिहावे. चुकीच्या अंदाजाने कोणी तुम्हाला या प्रक्रियेतून बाहेर काढत नाही, आणि जुना का होईना, खरा पासवर्ड निघाला तर ओळखीत भर पडते. लिहिताना कळपाटी मराठीत नाही ना, हे पाहावे, आणि डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवून आपण काय लिहिले ते वाचावे. अर्ध्या वर्गाचे पासवर्ड बरोबर असतात, फक्त देवनागरीत असतात.

त्यानंतर जुन्या फोनवर सूचना येते : हे तुम्हीच का? कधी नव्या फोनवर एक आकडा दिसतो आणि जुन्या फोनवरच्या दोन-तीन आकड्यांतून तोच निवडायचा असतो. निवडला की नवा पासवर्ड ठेवायला मिळतो. इतकेच. यात पुण्याच्या भाच्याचा संबंध कुठेही आला नाही. सूचना आलीच नाही तर Try another way हे शब्द शोधावेत. त्यामागे पुढचा पर्याय असतो, कधी मेसेज, कधी दुसरा ईमेल, कधी फोनचे स्वतःचे लॉक. प्रत्येकाला सारखेच पर्याय दिसत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याचा पडदा पाहून आपला बिघडला असे समजू नये.

मेसेजचा पर्याय आला तर G- ने सुरू होणारे सहा आकडे येतात. त्यातले सहा आकडेच लिहायचे, G नाही. आकडे नवे मागवले की आधीचे शिळे होतात. म्हणून चार वेळा बटन दाबून चार मेसेज जमवणारा माणूस नेमका पहिला मेसेज वाचून दाखवतो आणि यंत्र नाही म्हणते. एकदा दाबावे आणि थांबावे. सिमकार्ड नुकतेच बदलले असेल तर आणखी थांबावे. फसवणूक टाळण्यासाठी नव्या सिमवर पहिले २४ तास मेसेज बंद ठेवण्याची पद्धत आहे. तो मेसेज येईना म्हणून मोबाइलच्या दुकानात भांडायला जाण्याची गरज नाही.

आता आक्षेप. पहिला : भाच्याचा नंबर असला तर काय बिघडले, त्याला फोन करून आकडे विचारू. तो नंबर त्याच्याकडे आहे तोवर खरेच काही बिघडत नाही. पण प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग तुमचे सहा आकडे कुठल्या अनोळखी माणसाच्या फोनवर टुणकन वाजतील, आणि तो ‘कोण गुरुजी?’ म्हणून ते पुसून टाकील. हे झाले सभ्य माणसाचे.

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त असतो आणि मागच्या बाकावरून येतो : एवढी कटकट कशाला, कंपनीच्या माणसाला फोन करू. मोफत जीमेलचा पासवर्ड फोनवरून परत करून देणारा माणूस गुगलने बसवलेला नाही. इंटरनेटवर शोधल्यावर जो ‘कस्टमर केअर’ नंबर हसतमुखाने उचलला जातो, तो उचलणारा तुमच्याकडून सहा आकडे घेईल आणि खाते खरोखरच परत मिळवील, स्वतःसाठी. आकडे मागणारा माणूस कोणीही असो, देऊ नयेत. देऊन झाले असतील आणि बँकेतून पैसे गेले असतील, तर १९३० वर लगेच फोन करावा, उद्या सकाळी नाही.

तिसरा : सोडा ते खाते, नवे उघडू. जुना फोन, जुना नंबर, दुसरा ईमेल यांपैकी काहीच उरले नसेल, तर शेवटी तेच करावे लागते, हे कबूल. पण जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीतून किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेल्या माणसाने ज्या-ज्या कचेरीत जुना पत्ता लिहून दिला आहे, तिथे-तिथे तो बदलावा लागेल, आणि आपण कुठे-कुठे लिहून दिला हे पासवर्डापेक्षाही पक्के विसरलेले असते. शिवाय दोन वर्षे न उघडलेले खाते गुगल पुसू शकते, असा नियम २०२३ मध्ये जाहीर झाला. म्हणजे ‘पडून राहू दे’ हाही मार्ग नाही. आधी घरून प्रयत्न करावा. यंत्राने काही तास किंवा काही दिवस थांबायला सांगितले तर थांबावे. ते तुमच्यावर रुसलेले नसते. चोर असेल तर खऱ्या मालकाला कळायला वेळ मिळावा, म्हणून ते तसे करते.

खाते उघडल्यावर पोहे खायला उठू नये. मागच्या वेळी तिथेच घोटाळा झाला होता. खात्याच्या Security या भागात जाऊन Recovery phone मध्ये स्वतःचा नंबर घालावा, आणि Recovery email मध्ये चालू असलेला, दुसऱ्या कोणाचा तरी विश्वासाचा पत्ता. काही हुशार मंडळी तिथे आपलेच दुसरे खाते घालतात आणि त्या दुसऱ्याला परत पहिलेच जोडतात. दोन्हींचे पासवर्ड एकाच दिवशी विसरतात. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

मग कागद. खात्यात दुहेरी तपासणी चालू केली असेल तर Backup codes मिळतात : आठ-आठ आकड्यांचे दहा संच. ते पासवर्डच्या जागी चालत नाहीत. पासवर्ड दिल्यावर फोन हाताशी नसला, वैनगंगेत पडला किंवा रेल्वेत राहिला, तर मेसेजच्या आकड्यांऐवजी ते चालतात. प्रत्येक एकदाच. वापरला की त्यावर रेघ मारावी. नवे दहा काढले की जुने दहा रद्दी.

कागदावर लिहिणे धोक्याचे, असे नातवंडे सांगतील. त्यांच्या वयाला ते बरोबर आहे. ती वसतिगृहात राहतात, चार जणांच्या खोलीत. पण तुमच्या खात्यावर डोळा ठेवून असणारा चोर शेकडो मैल दूर बसलेला असतो. साकोलीतल्या लोखंडी कपाटात, साडीच्या घडीखाली ठेवलेला कागद त्याला तिथून वाचता येत नाही. घरात शिरणारा चोर तो कागद वाचत बसणार नाही, तो दागिने बघेल. एवढेच पाळावे की कागद फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नये, कारण फोन हरवला की तोही हरवतो, आणि कागदाचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवू नये. हा सल्ला ऐकून घरी गेल्यावर फोटो काढणारे दर वर्गात किमान तिघे असतात.

आकडे निळ्या शाईने, ठसठशीत लिहावेत. एक आणि सात यांत घोळ होणार नाही असे. कागदावर ‘ईमेल’ असा मथळा न देता तारीख टाकावी आणि तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा. भाचा दिवाळीत आला की त्याला पिशवी कुठे आहे ते दाखवावे. आत काय आहे ते दाखवू नये. पोहे मात्र आधी द्यावेत.