हरवलेल्या पासबुकाऐवजी दुसरे मिळणेबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक साहेब,

विषय : बचत खात्याचे पासबुक गहाळ झाल्याने दुय्यम पासबुक मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, मी आपल्या शाखेचा जुना खातेदार असून माझे निवृत्तिवेतन याच खात्यात जमा होते. सदर खात्याचे पासबुक गहाळ झाले आहे. तरी दुय्यम पासबुक मिळावे, ही विनंती.

खरे तर अर्ज इथेच संपायला हवा. पाटबंधारे खात्यात नोकरीभर आवक-जावक सांभाळल्यामुळे मला ठाऊक आहे की अर्ज जितका आखूड तितका तो लवकर निकाली निघतो. परंतु आपल्या काउंटरवर मिळालेल्या छापील नमुन्यात ‘सदर पासबुक माझ्या निष्काळजीपणामुळे हरवले आहे’ हे वाक्य आधीच छापलेले असून त्यापुढे फक्त सहीपुरती जागा आहे. नको ते खोडण्याची सोय नाही. म्हणून हा स्वतंत्र अर्ज.

पासबुक हरवले ते आपल्या शाखेत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, ठिकाण म्हणून लिहितो.

आपल्या शाखेच्या दारात पासबुक छापण्याचे यंत्र आहे. मागच्या पानावरची बारकोडची पट्टी दाखवली की ते आपणहून नोंदी छापते, असे त्याच्यावरच्या चित्रात दाखवले आहे. चित्रातली बाई हसत आहे. यंत्रावर ‘मशीन बंद आहे’ असा कागद चिकटवलेला असून त्याच्या कडा आता पिवळ्या पडल्या आहेत. त्यामुळे खातेदारांनी पासबुके काउंटरवरच्या पेटीत टाकावीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर न्यावीत, अशी तोंडी व्यवस्था आहे. पेटी म्हणजे चेकबुकांचे रिकामे खोके. टाकलेल्या पासबुकाची पावती मिळत नाही. पन्नास रुपये भरले तरी शिक्का मारून मिळतो, पण ज्या वहीत नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक आणि संपूर्ण शिल्लक लिहिलेली असते, ती वही श्रद्धेने ठेवायची असते.

मी ती ठेवली. दुसऱ्या दिवशी खोक्यातून माझे निळे प्लॅस्टिकचे कव्हर मिळाले. हे कव्हर विमा एजंटाने दिलेले असून त्याच्या कोपऱ्याला मी ओळखीसाठी लाल दोरा बांधला आहे. कव्हर माझेच होते. आतले पासबुक एका अपरिचित बाईंचे होते.

घरी आल्यावरही हे लगेच लक्षात आले नाही, कारण मी नेहमीप्रमाणे शेवटचे पान उघडले आणि माझे निवृत्तिवेतन जमा झालेले पाहून निश्चिंत झालो. रक्कम माझीच, रुपयापैशासकट. मात्र तिच्या वरची ओळ गॅसच्या अनुदानाची होती आणि मी ते कधी घेतलेले नाही. शिलकीच्या रकान्यात तर चमत्कारच होता. वरच्या ओळीत काही हजार, खालच्या ओळीत एकदम लाखाच्या पुढे, आणि मधला फरक निवृत्तिवेतनाने कसाही भरून निघेना. पासबुकातली चूक ओळखायची असेल तर शिलकीचा रकाना बघावा. आधीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, एवढे करून खालची शिल्लक आली नाही, तर मधे कोणाचे तरी बोट चुकलेले असते.

झाले असे असावे. ऑपरेटर ताईंनी माझे पासबुक उघडून त्यावरचा खाते क्रमांक संगणकात घातला आणि प्रिंटरमध्ये शेजारचे पासबुक सरकवले. प्रिंटर काही विचारत नाही. पुढे येईल त्या कागदावर तो छापतो. माझ्या नोंदी त्या बाईंच्या पासबुकात छापल्या गेल्या, त्यांचे पासबुक माझ्या कव्हरात गेले आणि माझे पासबुक कोणाच्या कव्हरात गेले, ते त्या कव्हराच्या मालकाला माहीत.

बाईंचे पासबुक मी त्याच दिवशी परत आणून दिले. ‘त्या खोक्यात टाकून द्या काका,’ असे उत्तर मिळाले.

आता माझे पासबुक ज्याच्या हाती पडले असेल तो काय करू शकतो, याचा विचार मी शांतपणे केला. केवळ खाते क्रमांक आणि आयएफएससी कोडवर त्याला पैसे काढता येणार नाहीत, फक्त भरता येतील. अद्याप कोणी भरलेले नाहीत. पैसे काढण्याच्या स्लिपसोबत पासबुक दाखवावे लागते हे खरे, पण सही जुळवावी लागते आणि ती आपल्या शाखेत माझी मलाही जुळवता येत नाही. भीती निराळी आहे. उद्या कोणी फोनवरून माझ्या शेवटच्या पाच नोंदी तारीखवार वाचून दाखवल्या आणि मग ‘मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा’ म्हटले, तर तो माणूस बँकेचा नाही हे मला लगेच कळेल, कारण बँकेतून मला इतकी माहिती आजवर कोणी दिलेली नाही. पण माझ्या सौभाग्यवतींना ते कळेलच असे नाही. खाते संयुक्त आहे.

संयुक्त असल्यामुळे दोघांच्या सह्या लागतील, असे काउंटरवर सांगण्यात आले. खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीचे असून आजवर प्रत्येक स्लिप एकाच्या सहीवर चालली आहे. पैसे काढायला एक सही आणि पैशांची वही मागायला दोन, यामागचे तत्त्व लेखी मिळाल्यास आभारी होईन. तूर्त वाद नको म्हणून दोघांनीही सही केली आहे.

खाते क्रमांक खाली लिहिला आहे. तो चेकबुकातल्या चौकटीतून उतरवला आहे. चेकच्या तळाशी जी आकड्यांची रांग असते तिच्यात चेकचा क्रमांक आणि शाखेचा एमआयसीआर कोड असतो, आपला पूर्ण खाते क्रमांक नसतो, हे मी आपल्याच एका कर्मचाऱ्यास दाखवून दिले. त्यांनी ते मान्य केले आणि ग्राहक क्रमांक, म्हणजे सीआयएफ, विचारला. ‘तो कुठे असतो?’ असे विचारता ‘पासबुकाच्या पहिल्या पानावर’ असे उत्तर आले. त्याच वेळी पहिल्या पानाची झेरॉक्सही मागण्यात आली. खाते क्रमांक घालताच सीआयएफ पडद्यावर दिसतो, हे शेजारच्या टेबलावरील तरुणाने सांगितले. त्यास माझे आशीर्वाद कळवावेत.

दुय्यम पासबुकाचे शंभर रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, असे एकशे अठरा रुपये माझ्या खात्यातून वळते होतील असे कळले. बचत खातेदारास पासबुक द्यावे आणि ते देण्याचा खर्च त्याच्याकडून घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना 2006 साली कळवले होते. अर्थात ते पहिल्या पासबुकाचे झाले. खातेदाराने हरवलेल्याचे शुल्क बँकेच्या दरपत्रकात आहे आणि ते मी भरलेही असते. बँकेने हरवलेल्याचे शुल्क मात्र दरपत्रकात सापडले नाही. ते सापडेपर्यंत वळते करू नये, ही विनंती.

आता मुख्य मागणी, जिच्यासाठी इतके लिहिले. नुसते नवे पासबुक देऊन माझे काम भागणार नाही. कोणती नोंद छापून झाली आणि कोणती नाही, याची खूण आपल्या संगणकात राहते. मागील महिन्यांच्या माझ्या नोंदी त्या बाईंच्या पासबुकात उमटल्या असल्या तरी संगणकाच्या मते त्या छापून झालेल्या आहेत. त्यामुळे नवे पासबुक प्रिंटरमध्ये घातले की ते ‘मागील शिल्लक’ अशी एक ओळ छापून गप्प बसेल. तसे झाले की ‘आता छापायला काही नाही, काका’ असे मला सांगितले जाईल आणि ते खरेही असेल. मग खातेउतारा घ्या म्हणतील, त्याचे शुल्क वेगळे. तरी ही छपाईची खूण अधिकाऱ्यांच्या लॉगिनमधून मागे घेऊन 1 एप्रिलपासूनच्या नोंदी नव्या पासबुकात छापून द्याव्यात. बचत खात्याचे व्याज तिमाहीस जमा होते आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ते मला दाखवायचे असते. व्याज कोठे दिसते असे कर सल्लागाराने विचारल्यास ‘एका बाईंच्या पासबुकात’ असे उत्तर या वयात शोभत नाही.

जमल्यास त्या बाईंनाही नवे पासबुक द्यावे. त्या सध्या लखपती झाल्या आहेत आणि एखाद्या योजनेच्या अर्जाला ते पान जोडले तर त्यांचे अनुदान जायचे.

नव्या पासबुकास बारकोडची नवी पट्टी लावून ती खात्याशी जोडून द्यावी. पट्टी नुसती चिकटवली आणि संगणकात जोडली नाही तर यंत्र पासबुक परत ढकलते. यंत्र बंद असताना हा आग्रह कशाला, असे आपले कर्मचारी म्हणाले. यंत्र सुरू झाल्यावर पट्टीसाठी पुन्हा अर्ज करण्याची माझी इच्छा नाही, एवढेच कारण.

जुने पासबुक सापडल्यास ते मी न वापरता आपणांस परत करीन, अशी हमी नमुन्यात आहे. ती मी देतो. ते आपल्याला सापडल्यास आपण मला कळवाल, अशी हमी नमुन्यात नाही. ती मी मागत नाही.

हा अर्ज दोन प्रतींत आणला आहे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मिळावी. आवक शिक्का ज्या मॅडमकडे असतो त्या रजेवर असल्याचे कळले. आपली सही, तारीख आणि हाताने लिहिलेला आवक क्रमांकही मला चालेल. पोचेचा आग्रह अविश्वासापोटी नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवस वाट पाहावी लागते, आणि ते दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हे कागदावर असलेले दोघांनाही बरे. हा अर्ज तक्रार नाही. फक्त ती तारीख लागल्यास उपयोगी पडावा, अशा बेताने लिहिला आहे.

तसदीबद्दल क्षमस्व. कळावे.

आपला नम्र,
(सही आपल्या नमुन्याशी जुळेल इतपत)
खातेदार

सोबत : आधार व पॅन यांच्या स्वसाक्षांकित छायाप्रती. पासपोर्ट आकाराचे एक छायाचित्र. रद्द केलेला एक चेक. पासबुकाचे निळे कव्हर, लाल दोऱ्यासह, ओळख पटविण्यासाठी (परत मिळावे). गहाळ पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स (जोडता आली नाही, मूळ आपल्याकडे आहे).