आप्पांची उंची

सोसायटीच्या आरोग्य शिबिराचा फॉर्म करायचं काम माझ्याकडे आलं, याचं कारण एवढंच की ‘एक्सेल येतं का कुणाला?’ असं सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा माझी मान डासामुळे हलली.

फॉर्म मी झोकात केला. नाव, वय, उंची, वजन, रक्तगट आणि प्रत्येकापुढे एक लांबलचक रेघ. रेघ दिसली की माणूस मोकळा होतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! उंचीपुढे कुणी ५.६ लिहिलं, कुणी १६८, कुणी ‘मध्यम’, तर एका काकूंनी ‘यांच्या खांद्याला लागते’. रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’, ‘O+’, ‘0+’ अशा तीन वेषांत आला आणि एक्सेलने इमानदारीने तीन रक्तगट मोजले. वय न लिहिणाऱ्या आठ जणांसाठी मी ९९ हा आकडा योजला आणि सरासरी काढताना विसरलो. उरलेल्या चाळीस जणांची सरासरी ४५ होती, ती एका रात्रीत ५४ झाली.

पण खरा घात आप्पांचा झाला. बी विंगमधले आप्पा पाच फूट दहा इंच, वजन ७२ किलो, अगदी सडसडीत. त्यांनी ५.१० लिहिलं, मी ते तसंच टाइप केलं आणि एक्सेलने त्याला संख्या समजून शेवटचं शून्य गिळलं. उरलं ५.१. आप्पा नऊ इंचांनी खचले, बीएमआय साधारण २३ वरून ३० वर गेला आणि ‘लठ्ठ’ असा शेरा असलेली चिठ्ठी घरी पोचली. त्या रविवारी आप्पांच्या ताटात श्रीखंड नव्हतं.

मग मी दुसरा फॉर्म केला. उंचीला दोन चौकटी, एक फुटांची, एक इंचांची, आणि Data Validation लावून इंचांत ० ते ११ सोडून दुसरं काही जाणार नाही अशी सोय. रक्तगटाला रेघच नाही, आठ गट छापले आणि नववा पर्याय ‘माहीत नाही’, कारण तो नसला की लोक अंदाजाने खूण करतात. वयाऐवजी जन्मसाल विचारलं, ते पुढच्या वर्षीही तेच राहतं. आणि ज्याने काही लिहिलं नाही त्याची चौकट रिकामी ठेवली. एक्सेल सरासरीत रिकामी चौकट धरत नाही, ९९ मात्र हौसेने धरतं.

छापण्याआधी पाच जणांकडून भरून घ्यावा, ही अक्कलही उशिराच आली. पहिली भरणारी मिळाली ती घरातलीच.

“अहो, वजन किलोत लिहा म्हणताय, पण चपला घालून की काढून?”

वजनापुढे आता ‘किलो, चपला काढून’ असं छापलं आहे. आप्पा अजून माझ्याशी बोलत नाहीत.